गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांसाठी प्रमाणपत्राचा मजकूर: ३५ शब्दांत एक माणूस

विसर्जन झालं की मंडळाच्या पहिल्याच बैठकीत विषय निघतो: कार्यकर्त्यांना प्रमाणपत्रं द्यायची. कुणीतरी मागच्या वर्षीची फाईल उघडतं, साल बदलतं, नावं टाकतं आणि प्रेसला पाठवून देतं. मजकूर ठरलेला असतो: "उत्सवकाळात आपण निःस्वार्थ भावनेने केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे." दहा रात्री मंडपाचा पहारा करणाऱ्याला हेच वाक्य, आणि एका आरतीला येऊन गेलेल्यालाही हेच. ज्याने खरंच काम केलं त्याला हा कागद हातात घेताना नेमकं काय वाटत असेल, हे कार्यकर्ता म्हणून राबलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

प्रत्येकासाठी वेगळा मजकूर लिहायचा म्हणजे मोठं काम, असं वाटतं. पण ४० कार्यकर्त्यांच्या मंडळात दोन माणसं तीन-चार संध्याकाळी बसली तर ते होतं. अट एवढीच की माहिती आधी गोळा झालेली हवी. पुढे सगळीकडे मी २०२५ च्या उत्सवाचं उदाहरण धरलं आहे: २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आणि साधारण ४० कार्यकर्त्यांचं एका वसाहतीतलं मंडळ. तुमच्या मंडळाप्रमाणे आकडे बदलून घ्या.

आधी टाचणं

चांगला मजकूर सुचत नाही याचं कारण बहुतेक वेळा भाषा कमी पडते हे नसतं. लिहिणाऱ्याला काय घडलं तेच माहीत नसतं. अध्यक्ष आणि चिटणीस परवानग्या, पोलीस चौकी, पाहुणे यांत अडकलेले असतात. चप्पल स्टँडवर कोण उभं होतं, ते त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून मजकूर लिहिण्याचं काम चिटणिसाकडे असलं, तरी माहिती देण्याचं काम प्रत्येक विभागप्रमुखाचं: रांग, मंडप, प्रसाद, निर्माल्य, हिशेब, विसर्जन मिरवणूक.

उत्सव चालू असताना प्रत्येक विभागप्रमुखाने रोज रात्री एक-दोन ओळी लिहून ठेवल्या तर सर्वांत उत्तम. वही हवीच असं नाही, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप संदेशही चालतो. "आज पावसात ताडपत्री सुटली, अमक्याने वर चढून बांधली." एवढं पुरे. विसर्जनानंतर आठ दिवसांनी हेच विचारलं तर उत्तर येतं, "सगळ्यांनीच खूप केलं." ते खरं असतं, पण त्यातून कुणाचंच प्रमाणपत्र लिहिता येत नाही.

टाचणं ठेवलेली नसतील तर प्रत्येक कार्यकर्त्याविषयी त्याच्या जोडीदाराला विचारा, खुद्द त्याला नको. आपल्याकडे माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना संकोचतो, "काही विशेष नाही हो" म्हणतो. जोडीदाराला तीन प्रश्न पुरतात. तो किंवा ती नेमकी कुठे आणि कोणत्या वेळी होती? एखादा प्रसंग आठवतो का? ती नसती तर काय अडलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला माणसं थांबून विचार करतात आणि खरी गोष्ट तिथे बाहेर येते.

वेळेचं गणित पंचांगच जमवून देतं. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो आणि बहुतेक मंडळं त्या पंधरवड्यात कार्यक्रम ठेवत नाहीत. २०२५ मध्ये ८ ते २१ सप्टेंबर हे दिवस असे मोकळे होते, २२ ला घटस्थापना आणि ६ ऑक्टोबरला कोजागरी. पितृपक्षात मजकूर आणि नावं पूर्ण करा, घटस्थापनेच्या आसपास प्रेसला द्या आणि कोजागरीच्या दूध वाटपाच्या कार्यक्रमात वाटा. त्यापुढे ढकललं तर प्रेसवाले दिवाळीच्या कामांत बुडालेले असतात आणि तुमच्या ४० कागदांचा नंबर शेवटी लागतो.

नाव चुकलं तर बाकीचं वाया

मजकुराला हात लावण्याआधी नावांची यादी पक्की करा. यादी बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवरून येते आणि तिथे नावं रोमन अक्षरांत असतात. त्यावरून काळे की काले, गोळे की गोले हे कळत नाही. म्हणून मंडळाच्या कार्यालयात एक कागद ठेवा आणि प्रत्येकाला आपलं पूर्ण नाव देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. जे येऊ शकत नाहीत त्यांनी कागदावर लिहून फोटो पाठवावा.

इथे शुद्धलेखनाचे नियम बाजूला ठेवायचे. नियमाने दीपक, सुनीता, प्रवीण बरोबर असलं तरी एखादी बाई आयुष्यभर आपलं नाव 'सुनिता' लिहीत आली असेल तर तिच्या प्रमाणपत्रावर तेच छापायचं. वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये हवं की नको, आईचं नाव हवं का, हेही तिने लिहिल्याप्रमाणेच.

नावाआधीची श्री., सौ., कु., श्रीमती ही उपपदं मी सरळ गाळायला सांगेन. कुणाला 'श्रीमती' लावलेलं खटकतं कारण जुन्या वळणात ते विधवेसाठी वापरत, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाला 'कु.' नको असतं. उपपद नसल्याने कुणाचा मान कमी होत नाही. मान नावाच्या आकारात आणि मजकुरात येऊ दे.

एक मजकूर, कच्च्यापासून पक्क्यापर्यंत

रांगेच्या विभागप्रमुखाने एका कार्यकर्तीबद्दल हे टाचण दिलं आहे, असं धरू: "गौरी विसर्जनाची संध्याकाळ. पाऊस सुरू झाला. रांग पार रस्त्यापर्यंत. तिने म्हाताऱ्या माणसांना बाजूच्या रिकाम्या गाळ्यात बसवलं, खुर्च्या कुठून आणल्या माहीत नाही. चिठ्ठ्यांवर नंबर लिहून दिले. नंबर आला की स्वतः घेऊन यायची. साडेदहापर्यंत चाललं."

बहुतेक जण यावरून असं काहीतरी लिहितील: "उत्सवकाळात दर्शन रांगेच्या व्यवस्थापनाची अत्यंत जबाबदारीची धुरा आपण समर्थपणे सांभाळून ज्येष्ठ नागरिकांना दर्शनाचा लाभ मिळवून देण्यात सिंहाचा वाटा उचलल्याबद्दल मंडळ आपले मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे." यात पाऊस गेला, गाळा गेला, खुर्च्या गेल्या, चिठ्ठ्या गेल्या. उरली ती धुरा आणि सिंहाचा वाटा.

माझी पद्धत अशी. टाचणातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींखाली रेघ ओढायची: पाऊस, रस्त्यापर्यंत गेलेली रांग, गाळा, खुर्च्या, चिठ्ठ्या, घेऊन येणं. मग तीनच प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने द्यायची. केव्हा आणि कुठे, काय केलं, त्याने काय झालं. विशेषण शक्यतो एकही नको. असं करून पहिला खर्डा होतो:

"गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी भर पावसात दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा आपण ज्येष्ठांसाठी शेजारच्या गाळ्यात खुर्च्या मांडल्यात, क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्यात आणि एकेकाला हाताला धरून दर्शनाला नेलेत. त्या दिवशी एकही आजी-आजोबा भिजले नाहीत."

शेवटचं वाक्य वाचायला गोड आहे, पण ते खरं आहे का? कुणीतरी भिजलंच असेल. कार्यक्रमात हे वाचताना मागून एखाद्या आजोबांनी "मी भिजलो होतो की" म्हटलं तर सगळ्या मजकुराचा विश्वास जातो. 'एकही', 'प्रत्येक', 'सर्व' हे शब्द आले की थांबून तपासायचं. त्या वाक्याच्या जागी जे नक्की घडलं तेच: "ज्येष्ठांना पावसात ताटकळावे लागले नाही." रात्री साडेदहाची वेळ मी गाळली. टाचणात ती आहे, पण गाळा आणि चिठ्ठ्या यांनी चित्र पूर्ण होतं.

आता हा मजकूर साधारण ३० शब्दांचा झाला. २५ ते ४० शब्दांच्या आत राहिलं की मोठ्या अक्षरात चार ओळींत बसतो आणि मोठ्याने वाचायला वीसेक सेकंद लागतात. ४० च्या वर गेला तर बहुधा दोन प्रसंग कोंबलेले असतात. त्यांतला एक निवडा.

मजकूर झाला की एक परीक्षा घ्या. यावरचं नाव झाकून कागद विभागातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. कुणाचा आहे ते ओळखता आलं तर जमलं. "आमच्यातल्या चौघांपैकी कुणाचाही असेल" असं उत्तर आलं तर पुन्हा टाचणाकडे जा.

क्रियापदांची काळजी

मराठीत हा मजकूर लिहिताना एक अडचण सतत येते. माणूस पुरुष आहे की स्त्री त्याप्रमाणे काही शब्द बदलतात आणि ४० मजकुरांत एखादा तरी चुकतो. "आपण घाटावर उभे राहिलात" हे पुरुषाला चालतं, बाईला "उभ्या राहिलात" लागतं. "थकलेले असूनही" आणि "थकलेल्या असूनही" यांचंही तसंच.

यातून सुटायला भाषेतच सोय आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात वापरलं की ते सहसा कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याप्रमाणे नाही. "आपण मंडप उभारलात", "आपण रांग सांभाळलीत", "आपण निर्माल्य वेगळे केलेत", "आपण खुर्च्या मांडल्यात" ही वाक्यं कुणालाही तशीच लागू पडतात. म्हणून "रात्रभर जागे राहिलात" ऐवजी "रात्रीचा पहारा दिलात" लिहा. एक क्रिया दाखवणारं वाक्य तसंही जास्त जिवंत असतं.

नाव वरच्या ओळीत स्वतंत्र ठेवा आणि खालचा मजकूर 'आपण'ने सुरू करा. नावाला प्रत्यय लावायची वेळच येत नाही. तृतीय पुरुषात लिहायचं असेल तर नावापुढे 'यांनी' किंवा 'यांना' ठेवा. प्रत्यय नावाला न लागता त्या शब्दाला लागतो आणि दोघांनाही चालतो.

मुलांना 'आपण' म्हणू नका. आठ-दहा वर्षांच्या पोराला अध्यक्षकाकांनी "आपण" म्हटलं तर ते परकं वाटतं. तिथे सरळ 'तू'.

आणि प्रमाणपत्रात एकच लेखनपद्धत ठेवा. बोलण्यातलं "केलंत" किंवा छापील वळणाचं "केलेत", दोन्ही चालतील, पण एकाच कागदावर दोन्ही नकोत. मी छापील वळण घेते, कारण हा कागद भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो.

आणखी काही मजकूर

वेगवेगळ्या कामांसाठी सूर कसा बदलतो ते कळावं म्हणून काही नमुने देते. हे उचलून तसेच वापरू नका. तुमच्या मंडळात ताडपत्री सुटली नसेल तर ती सुटल्याचं लिहिणं हे वाईट प्रमाणपत्रापेक्षाही वाईट.

रात्रीचा पहारा:

"पहाटे २ ते ५ चा पहारा आपण दहाही रात्री स्वतःहून मागून घेतलात. त्यातल्या एका पहाटे वाऱ्याने मागची ताडपत्री सुटली, ती आपण तिथल्या तिथे बांधलीत. मूर्तीपर्यंत पाणी आले नाही."

प्रसाद विभाग:

"महाप्रसादाच्या दिवशी पहाटे ५ वाजता आपण चुलीवर पहिले पातेले चढवलेत. मिठाचा अंदाज चारही पातेल्यांत आपणच घेतलात. शेवटच्या पंगतीलाही वरण-भात गरम मिळाला."

हिशेब:

"देणगीची पावती ज्या दिवशी फाटली त्याच रात्री आपण ती वहीत चढवलीत. म्हणून विसर्जनानंतर पाचव्या दिवशी जमाखर्च फलकावर लावता आला."

हिशेबाच्या प्रमाणपत्रात रकमेचा आकडा कधीच घालू नका. त्यावरून पुढे नको त्या चर्चा होतात. रक्कम फलकावर आहेच.

विसर्जन हौदावरचं निर्माल्य:

"विसर्जनाच्या दिवशी दुपारी ४ पासून मध्यरात्रीपर्यंत आपण हौदाजवळचा निर्माल्य कलश सांभाळलात. हार-दूर्वा वेगळ्या, प्लॅस्टिक आणि दोरे वेगळे, हे येणाऱ्या कुटुंबांना न चिडता समजावलेत. आपल्या कलशातले निर्माल्य थेट खतासाठी देता आले."

आणि एका लहान मुलीसाठी:

"आरतीची झांज तू दहाही दिवस वाजवलीस. आरती झाली की ताटे पुसून जागेवर ठेवलीस, कुणी सांगायची वाट न पाहता. पुढच्या वर्षी आरत्यांची यादी तुझ्याकडे."

शेवटचं वाक्य हे मंडळाने दिलेलं वचन आहे. ते पाळायचं नसेल तर लिहू नका. मुलं हे विसरत नाहीत.

काहींच्या बाबतीत प्रसंग मिळणारच नाही. चप्पल स्टँडवर सात संध्याकाळी उभं राहणाऱ्याच्या वाट्याला ताडपत्री सुटत नाही. अशा वेळी प्रसंग घडवू नका, दिवस आणि जागा नेमकी लिहा: "संध्याकाळी ६ ते १० या गर्दीच्या वेळेत आपण सात दिवस चप्पल स्टँड सांभाळलात. येणाऱ्यांना चपला शोधाव्या लागल्या नाहीत." यात विशेषण नाही, पण जो तिथे उभा होता त्याला आपलं काम कुणीतरी पाहिलं हे कळतं.

तसंच एखाद्या प्रसंगात तिसरा माणूस गुंतलेला असेल तर जपून. चुकलेलं मूल आईवडिलांपर्यंत पोचवलं, कुणाला चक्कर आली तेव्हा सांभाळलं, भांडण सोडवलं. कार्यकर्त्याचं काम लिहा, त्या कुटुंबाची ओळख पटेल असं काही नको. मजकूर जाहीरपणे वाचला जाणार असेल तर कार्यकर्त्यालाही आधी दाखवा.

महापालिकेचे सफाई कर्मचारी, मांडववाले, वाजंत्री यांना मानाचा कागद द्यायचा असेल तर तो स्वतंत्र आभारपत्र म्हणून द्या. त्यांना 'स्वयंसेवक' म्हणू नका. ते आपला कामधंदा करत होते आणि तो त्यांनी चांगला केला, हेच लिहायचं.

विद्यार्थ्यांचं प्रमाणपत्र वेगळं

कॉलेजमधली मुलं राष्ट्रीय सेवा योजनेत असतील तर त्यांना भिंतीवर लावायच्या कागदाबरोबर फाईलला लावायचाही कागद हवा असतो. त्या योजनेत नियमित कामाचे वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि कार्यक्रम अधिकारी तास पाहतात, ताडपत्री नाही. उत्सवातलं काम त्यात धरायचं की नाही हे कॉलेज ठरवतं. म्हणून मुलांनी आधी विचारून घ्यावं. आपल्या बाजूने मजकूर कोरडा आणि नेमका ठेवायचा:

"प्रमाणित करण्यात येते की, यांनी दि. २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२५ या कालावधीत मंडळाच्या निर्माल्य संकलन विभागात एकूण २८ तास स्वयंसेवक म्हणून काम केले. हजेरीची नोंद मंडळाकडे आहे."

'यांनी'च्या आधी पूर्ण नाव, वर्ग आणि कॉलेजचं नाव. वर डावीकडे जावक क्रमांक, खाली दिनांक, सही, शिक्का, आणि मंडळ नोंदणीकृत असेल तर नोंदणी क्रमांक. तास हजेरीपत्रकावरूनच काढा, अंदाजाने गोल आकडा टाकू नका. कॉलेजातून उद्या फोन आला तर पत्रक दाखवता आलं पाहिजे. कॉलेजचं किंवा योजनेचं बोधचिन्ह विचारल्याशिवाय छापू नका.

तक्ता आणि जोडणी

सगळे मजकूर एका तक्त्यात ठेवा: क्रमांक, नाव, विभाग, मजकूर, तपासणाऱ्याचं नाव. इथे एक मोह टाळायचा. कुणीतरी सुचवतं की वाक्याचा साचा कायम ठेवून फक्त कामाचं नाव बदलत जाऊ: "आपण ___ उत्तम प्रकारे सांभाळलीत." मराठीत हे फसतं. रांग 'सांभाळलीत', पण मंडप 'सांभाळलात' आणि स्वयंपाकघर 'सांभाळलेत'. रिकाम्या जागेतला शब्द बदलला की क्रियापद चुकतं. म्हणून आख्खा मजकूर एका रकान्यात, शब्दशः, पूर्णविरामासकट.

मजकूर 'D' रकान्यात असेल तर शब्द मोजायला शेजारी हे सूत्र चालतं:

```
=LEN(TRIM(D2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(D2)," ",""))+1
```

उत्तर ४० च्या वर गेलेल्या ओळी परत कापायच्या. रकाना रिकामा असला तरी हे सूत्र १ दाखवतं. म्हणजे १ दिसला की कुणाचा तरी मजकूर लिहायचा राहिला आहे.

Word मध्ये प्रमाणपत्राची एक चौकट तयार करून Mailings → Start Mail Merge → Letters, मग Select Recipients → Use an Existing List मधून हा तक्ता जोडा. नावाच्या आणि मजकुराच्या जागी Insert Merge Field. शेवटी Finish & Merge → Edit Individual Documents केलं की प्रत्येकाचं पान वेगळं तयार होतं आणि छापण्याआधी वाचता येतं. तक्ता .xlsx स्वरूपातच ठेवा. साध्या CSV मध्ये साठवला तर देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो.

कागदावर काय, किती मोठं

आडवं A4 घ्या, फाईलमध्येही बसतं आणि तयार चौकटीतही. वरून खाली एवढंच: मंडळाचं नाव आणि उत्सवाचं वर्ष, 'कृतज्ञतापत्र' किंवा 'सन्मानपत्र' असं शीर्षक, कार्यकर्त्याचं नाव, मजकूर, दिनांक, दोन सह्या. मजकुराच्या शेवटी "मंडळ आपले आभारी आहे" ही एक कायम ओळ चालेल.

नाव पानावरचं सर्वांत मोठं असावं, २८ ते ३० पॉइंट. मंडळाचं नाव त्याहून लहान. मजकूर १६ पॉइंट, आणि ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते. इंग्रजीसाठी बेतलेलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला चिकटतो. कडेने किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा, नाहीतर चौकटीच्या काठाखाली अक्षरं जातात.

प्रायोजकांची बोधचिन्हं आणि नेत्यांचे फोटो या कागदावर नकोत, असं माझं ठाम मत आहे. ते कमानीवर होते, तिथे ठीक. इथे एका माणसाचं नाव आहे.

प्रेसला मजकूर व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. अनेक प्रेसमध्ये अजून युनिकोडपूर्व फॉन्टवर काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे बदलून घेताना वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट अंतर्भूत केलेली PDF द्या आणि ती उघडून तशीच छापायला सांगा. तरीही एक प्रत आधी कागदावर काढून घ्या आणि तीन गोष्टी पाहा. 'वाऱ्याने', 'पहाऱ्यावर', 'फेऱ्या' यांत अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा आडवा येतो का, की रफार होऊन 'वार्याने' छापलं गेलं? 'सिद्धी', 'विठ्ठल' यांची जोडाक्षरं अखंड आहेत का? 'ॲ' आणि 'ऑ' जागेवर आहेत की रिकामा चौकोन? हे तिन्ही बरोबर असतील तर बाकी सहसा बरोबर असतं.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा पुरतो. गुळगुळीत चकचकीत आर्टकार्ड टाळा, कारण त्यावर शाईच्या पेनने केलेली सही वाळत नाही आणि गठ्ठा करताना पसरते. मॅट कागदावर सही बसते. लॅमिनेशन करायचंच तर सह्या झाल्यावर. ४० प्रतींसाठी डिजिटल छपाई सोयीची, कारण प्रत्येक पान वेगळं आहे. घरच्या प्रिंटरमध्ये एवढा जाड कागद बहुधा अडकतो.

सह्या दोनच: अध्यक्षांची आणि त्या कामाच्या विभागप्रमुखाची. विभागप्रमुखाची सही छापील चित्र म्हणून टाकू नका. त्याने ते काम पाहिलं आहे. त्याने ४० पैकी आपल्या विभागाच्या सहा-सात कागदांवर हाताने सही करावी आणि करता करता मजकूर शेवटचा वाचावा. चूक राहिली असेल तर तिथे सापडते, म्हणून पाच-सहा कोरे कागद जादा मागवून ठेवा.

वाटप

मजकूर वाचून दाखवायचा असेल तर माणशी अर्धा मिनिट धरा: नाव पुकारणं, वाचणं, येऊन कागद घेणं. ४० जणांना २० मिनिटं. एवढा वेळ लोक बसतात, कारण ऐकताना त्यांना आपापली आठवण येते. भाषणं दोनवरून एकावर आणली की वेळ निघतो. वाचणारा विभागप्रमुखच असावा आणि आपल्या विभागाचा गठ्ठा त्याने पुकारण्याच्या क्रमाने लावून ठेवावा. चुकीच्या हातात चुकीचा कागद जाणं ही सगळ्यांत जास्त होणारी गडबड आहे आणि मजकूर वेगवेगळे असताना ती लगेच उघडी पडते.

जे आले नाहीत त्यांचे कागद कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका, तिथे ते पुढच्या चतुर्थीपर्यंत राहतात. त्याच आठवड्यात घरी पोचवायची जबाबदारी नाव लिहून एकेकाला द्या. तक्ता आणि PDF मंडळाच्या ईमेलवर जपून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीआधी एखादा विद्यार्थी हरवलेल्या प्रमाणपत्राची प्रत मागायला येतो, तेव्हा त्याच जावक क्रमांकाने पुन्हा काढून 'दुसरी प्रत' असं वर लिहून देता येतं.